पंचवीस मीटर



ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते ते भूमिती शिकवीत असत, आणि त्यांच्या हाताखाली शिकण्याचे भाग्य ज्यांना लाभले त्यांना आठवत असेल की, कोणतेही अंतर त्यांनी नुसते फळ्यावर लिहून कधी सोडून दिले नाही. वर्गाला मैदानावर न्यावे, एकाच्या हाती दोरीचे एक टोक व दुसऱ्याच्या हाती दुसरे द्यावे, आणि मधली जमीन मुलांनी आपल्या पावलांनी चालून पाहावी, असा त्यांचा परिपाठ होता. त्यांच्या नावाने बोलावयाचे तर एखादा भव्य विषय घेण्यापेक्षा, त्यांच्याच रीतीने मी दरवर्षी जानेवारीत, बारावीच्या निरोपसमारंभाच्या आधी, एका तासिकेत मुलांना जे सांगतो आणि मैदानावर जे करून दाखवितो तेच आपणांपुढे मांडावे, असे मी ठरविले. विषय आहे शिकाऊ परवान्याचा. मुले त्याला ‘लर्निंग’ म्हणतात. परीक्षा संपते, कॉलेजचे वेध लागतात, घरात नवी स्कूटर येते किंवा आईची जुनी मिळणार असते, आणि पुण्यासारख्या शहरात, जिथे दुचाकीवाचून तरुण माणसाचे पानही हलत नाही, तिथे या परवान्याचा अर्ज हा मुलाने स्वतःच्या सहीने सरकारदरबारी केलेला बहुधा पहिलाच अर्ज असतो.

मी त्या तासिकेचा आरंभ एका प्रश्नाने करतो. ‘अर्जासोबतचा फॉर्म नंबर एक कोणी कोणी वाचला?’ हात वर होत नाहीत. अर्ज भरलेला असतो, आधार क्रमांक दिलेला असतो, घरबसल्या परीक्षा देण्याची जी सोय महाराष्ट्रात २०२१ पासून झाली तिचा लाभ घेण्याची तारीखही काहींनी ठरविलेली असते. पण शारीरिक पात्रतेचे जे प्रतिज्ञापत्र त्या अर्जाचा भाग आहे त्यातील प्रश्नांपुढे ‘होय’ आणि ‘नाही’ अशी जी वर्तुळे आहेत, ती एकामागून एक दाबून मुले पुढे गेलेली असतात. तुम्हांला फेफरे येते काय, अकस्मात शुद्ध हरपण्याचा विकार आहे काय, रातांधळेपणा आहे काय, असे ते प्रश्न आहेत. आणि त्यांतच एक प्रश्न असा आहे की, चांगल्या दिवसाच्या उजेडात, चष्मा असल्यास तो लावून, पंचवीस मीटर अंतरावरील मोटारीची नंबरपाटी तुम्हांला प्रत्येक डोळ्याने ओळखता येते काय. या प्रश्नाचे उत्तर वर्गातल्या अर्ज भरलेल्या प्रत्येकाने ‘होय’ असे दिलेले असते. मात्र पंचवीस मीटर म्हणजे किती, असे विचारले की कोणी वर्गाच्या दारापर्यंत बोट दाखवितो तर कोणी रस्त्यापलीकडच्या दुकानापर्यंत.

माझे पुढचे सारे व्याख्यान या पंचवीस मीटरांवरच उभे आहे. परंतु मैदानावर जाण्यापूर्वी वयाच्या प्रश्नाचा निकाल लावणे आवश्यक आहे, कारण समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांना अठरा वर्षे पूर्ण झालेली नसतात, आणि घरोघर अशी एक समजूत रूढ आहे की, सोळाव्या वर्षी ‘बिनगिअरचे’ लायसन्स मिळते. या समजुतीचे मूळ खरे आहे, तिचा आजचा अर्थ मात्र चुकीचा आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या चौथ्या कलमाने सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन चालविण्यास अठरा वर्षांची मर्यादा घातली, आणि तिला एक अपवाद ठेवला: ज्या मोटारसायकलचे इंजिन पन्नास सीसीपेक्षा मोठे नाही, ती सोळा वर्षे पूर्ण झालेल्यास, पालकांच्या लेखी संमतीने परवाना काढून, चालविता यावी. हा अपवाद लुनाच्या काळातला आहे. १९७२ साली बाजारात आलेली ती किरकोळ गाडी, जिला पायडल होते आणि जी चढावर दमली की चालवणाऱ्याने पाय मारून तिला हातभार लावावा लागे, ती पुण्याच्या पेठांतून शिकवणीला जाणाऱ्या एका अख्ख्या पिढीने चालविली. आणि तिच्यासारख्या वाहनापुरती सोळा वर्षांच्या मुलावर भिस्त ठेवण्यास कायदा तयार होता. आज तुमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये जी बिनगिअरची स्कूटर उभी आहे तिचे इंजिन एकशे दहा किंवा एकशे पंचवीस सीसीचे आहे. गिअर नसणे हा निकष आज त्या कलमात नाही. निकष इंजिनाच्या आकाराचा आहे. तेव्हा सतरा वर्षांच्या मुलाच्या खिशात सोळाव्या वर्षाचा परवाना असला तरी या स्कूटरवर तो विनापरवाना इसमच ठरतो.

आणि त्याचे परिणाम मुलापुरते मर्यादित राहत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात १९९अ हे कलम आले. त्यान्वये अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केला तर त्याचा पालक किंवा वाहनाचा मालक दोषी मानला जातो, तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड अशी शिक्षा सांगितली आहे, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द होते, आणि त्या मुलास वयाची पंचवीस वर्षे होईपर्यंत परवाना मिळत नाही. पुण्यात हे कलम समजावून सांगण्यास आता दूर जावे लागत नाही. मे २०२४ मधल्या एका रात्री कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाने चालविलेल्या भरधाव मोटारीखाली, मोटारसायकलवरून जाणारे दोन तरुण अभियंते मृत्युमुखी पडले, आणि बाल न्याय मंडळाने मुलास जामीन देताना घातलेल्या अटींत तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची एक अट होती. लोकांत संताप उसळला, थोड्याच दिवसांत तो आदेश बदलला गेला, आणि त्या प्रकरणाचे कोर्टकज्जे कुठवर गेले ते आपण वर्तमानपत्रांत वाचीत आहोत. त्यावर मत देण्याचा माझा अधिकार नाही. मला एवढेच वाटले की, तो निबंध आमच्यासारख्यांनी मुलांकडून अर्जाच्या आधी, मैदानावर, पावलांनी लिहून घ्यावयास हवा होता. त्या वर्षापासून मी ही तासिका एकदाही चुकविलेली नाही.

आता मैदानावर जाऊ. एका बाजूला माझ्या सहकाऱ्याची मोटार उभी असते. टेप घेऊन पंचवीस मीटर मोजावयाचे, तिथे फक्कीची आडवी रेघ मारावयाची, आणि एकेका विद्यार्थ्याने त्या रेघेवर उभे राहून, आधी डाव्या डोळ्यावर हात ठेवून व नंतर उजव्यावर, पाटीवरचा क्रमांक मोठ्याने वाचावयाचा. दोन्ही डोळे उघडे ठेवून बहुतेकांना तो वाचता येतो. एक डोळा झाकला की दरवर्षी दोघे-तिघे तरी अडखळतात. तीन आणि आठ, शून्य आणि सहा यांची गल्लत होते, किंवा मान किंचित पुढे जाते, डोळा बारीक होतो. डोळा बारीक करून वाचणे ही चष्म्याची पहिली सूचना, हे मुलांना ठाऊक असते, पण आपल्याबाबत ते कोणी बोलत नाही. एका चांगल्या डोळ्याच्या आधाराने दुसरा डोळा वर्षानुवर्षे आळशी राहिलेला असतो, आणि मूल स्वतःही ते जाणत नाही. अशांना मी पाठीशी न घालता तिथल्या तिथे सांगतो की, नेत्रवैद्याकडे जाऊन आल्याशिवाय त्या वर्तुळात ‘होय’ दाबू नये. ते प्रतिज्ञापत्र आहे, आणि त्याखालची सही तुमची आहे.

त्यानंतर वर्गातली पट्टी लागते. हा प्रयोग सर्वांना ठाऊक आहे: एकाने तीस सेंटीमीटरची पट्टी उभी धरून सोडावयाची, दुसऱ्याने तिच्या खालच्या टोकाशी अंगठा व तर्जनी उघडी ठेवून ती पकडावयाची, आणि किती घसरल्यावर पकडली ते वाचावयाचे. साधारणपणे ती पंधरा ते वीस सेंटीमीटर घसरलेली असते. वीस सेंटीमीटर पडण्यास सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. मुले यावर खूश होतात. मी त्यांना विचारतो की, पट्टी पडणार हे तुम्हांला ठाऊक होते, कुठे पडणार ते ठाऊक होते, बोटे आधीच तयार होती, आणि करावयाचे काम एकच होते. रस्त्यावर यांपैकी काय असते? तिथे प्रथम काहीतरी हालले असे दिसते, मग ते कुत्रे आहे की मूल हे कळते, मग थांबावे की वळावे याचा निर्णय होतो, मग हात ॲक्सिलरेटरवरून सुटून ब्रेकवर येतो. या साऱ्याला मिळून मी दीड सेकंद धरतो, आणि हा हिशेब तरुण, सावध, विश्रांत माणसाचा आहे. रस्त्यांची आखणी करणारे आपल्याकडचे अभियंते याच कामासाठी अडीच सेकंद धरतात. शेजारचा मित्र बोलत असेल, खिशात फोन थरथरला असेल, तर दीड सेकंद कुठेच पुरत नाही.

आता या दीड सेकंदाची जमीन किती होते ते पाहा. ताशी चाळीस किलोमीटर म्हणजे सेकंदाला अकरा मीटर; दीड सेकंदात सुमारे सतरा मीटर. ताशी पन्नास वेगाने एकवीस मीटर, म्हणजे क्रिकेटची अख्खी खेळपट्टी ओलांडून वर थोडे. आणि ताशी साठ वेगाने बरोबर पंचवीस. या आकड्यापाशी मी थांबतो आणि फक्कीच्या त्या रेघेकडे बोट करतो. जिथून नंबरपाटी दिसते असे तुम्ही सरकारला लिहून दिले आहे, ते सगळे अंतर, रेघेपासून मोटारीच्या बंपरपर्यंत, साठच्या वेगाने जाणारा मुलगा ब्रेकला बोट लागण्यापूर्वी संपवून टाकतो. डोळ्यांनी आपले काम चोख केलेले असते, पण गाडीचा वेग अद्याप एका किलोमीटरनेही कमी झालेला नसतो.

हे मी एका प्रसंगाच्या रूपाने मांडतो, कारण सरासरीचे आकडे कोणाच्या अंगाला भिडत नाहीत. कर्वे रस्त्यावर डाव्या कडेच्या थांब्यावर पीएमपीची बस उभी आहे. तुम्ही तिच्या उजवीकडून पुढे जात आहात. बसमधून उतरलेली एक बाई, हातात पिशवी आहे, बसच्या पुढून रस्ता ओलांडण्यास निघते. बसच्या पुढच्या कोपऱ्यापलीकडे तिचा पाय पडेपर्यंत ती तुम्हांला दिसणे अशक्य आहे. ती दिसली तेव्हा तुमच्या चाकापासून तिचे अंतर एकोणतीस मीटर आहे. रस्ता कोरडा आहे, टायर चांगले आहेत, दोन्ही ब्रेक तुम्ही नीट लावता, आणि दर सेकंदाला तुमचा वेग ताशी अठरा किलोमीटरने उतरतो. नवशिक्याच्या मानाने हे पुष्कळच चांगले झाले. तुमचा वेग ताशी चाळीस असेल तर सतरा मीटर विचारात जातात, बारा मीटर ब्रेकमध्ये, आणि चाक तिच्या पिशवीपाशी येऊन थांबते. ती दचकते, तुम्हांला दोन शब्द ऐकवते, आणि पुढे जाते.

वेग ताशी पन्नास असेल तर एकवीस मीटर विचारातच गेलेले असतात. उरलेल्या आठ मीटरांत वेग पन्नासावरून अडतिसाच्या आसपास उतरतो, आणि त्या वेगाने तुम्ही तिच्यावर जाता. वेग साठ असेल तर पंचवीस मीटर ब्रेकविना संपतात, हाती चार मीटर राहतात, आणि त्या चार मीटरांत साठाचा फक्त पंचावन्न होतो. वर्गात इथे कोणीतरी हिशेब चुकला असे म्हणतो, आणि मी त्याला फळ्यापाशी बोलावतो. समीकरण अकरावीच्याच पुस्तकातले आहे. वेगाचा वर्ग अंतरात शिरतो, म्हणून वेगातली वाढ आणि थांबण्याच्या अंतरातली वाढ एकमेकींशी सारख्या प्रमाणात चालत नाहीत. चाळिसाला एकोणतीस मीटर लागतात तर साठाला त्रेपन्न. आणि जिथे चाळीसवाला पूर्ण थांबला त्याच जागी साठवाल्याने जवळजवळ आपला सगळा वेग त्या बाईच्या अंगावर आणलेला असतो. मुलांच्या मनात अशी कल्पना असते की, वेग जास्त असला तर धडक ‘थोडी’ जोरात बसेल. तसे होत नाही: एक जण धडक देतच नाही, आणि दुसरा पंचावन्नने देतो. ज्यांना हे मनापासून पटावे असे वाटते त्यांनी एकोणतीस मीटर मोजून दोन रेघा माराव्यात, दुसऱ्या रेघेवर आपल्या घरातले माणूस उभे आहे असे समजावे, आणि मग हिशेब करावा.

या हिशेबाच्या मर्यादाही सांगणे माझे कर्तव्य आहे. कोरड्या रस्त्याचे गृहीत धरलेले जे बारा मीटर ते जूनमधल्या पहिल्या सरीत दुप्पट होतात. महिनोन्महिने रस्त्यावर झिरपलेले तेल व धूळ यांचा पहिल्या पावसात जो लेप तयार होतो तो मुसळधार पावसापेक्षा अधिक निसरडा असतो, हे पुण्यातल्या प्रत्येक दुचाकीस्वाराला एखाद्या पडण्यातून कळलेले असते. मलाही एका सिग्नलपाशी, झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यावर ब्रेक दाबल्याने, डाव्या कोपरावरच्या खुणेसह ते कळले आहे. रंगाचा पट्टा, गटाराचे लोखंडी झाकण, खोदाईनंतर सांडलेली खडी, या तीन ठिकाणी ब्रेक लावू नये, त्यांच्या आधी लावून घ्यावा. पावसात ताशी चाळीसचे एकोणतीस मीटर एक्केचाळीस होतात; तेव्हा एकोणतीस मीटरांतच थांबावयाचे तर वेग तिसाच्या आसपास आणावा लागतो.

ब्रेकविषयी मला थोडे अधिक बोलावयाचे आहे, कारण इथे एक भीती पिढ्यान्‌पिढ्या घरातून घरात चालत आली आहे. ‘पुढचा ब्रेक दाबू नकोस, उलटशील,’ असे ज्या वडिलांनी मुलाला सायकल शिकविताना बजावले, तेच वडील स्कूटर शिकवितानाही बजावतात. म्हणून मी मैदानाच्या मातीत सायकलच आणतो. एका मुलाने फक्कीच्या खुणेपर्यंत ठराविक वेगाने यावे आणि पहिल्या फेरीत फक्त मागचा ब्रेक घट्ट दाबावा: चाक जाम होते, मातीत लांब सरळ चरा उमटतो, सायकलची शेपटी एका अंगाला जाते. दुसऱ्या फेरीत दोन्ही ब्रेक, पण दोन टप्प्यांत: आधी हलके, वजन पुढे आल्याचे हाताला जाणवले की मग घट्ट. चरा उमटत नाही, आणि सायकल जवळजवळ निम्म्या अंतरात उभी राहते. कारण असे की, गाडी मंदावू लागली की तिचे व स्वाराचे वजन पुढच्या चाकावर येते, मागचे चाक हलके होते, आणि हलक्या चाकाला रस्ता पकडता येत नाही. म्हणून थांबविण्याचे बहुतेक काम पुढच्या चाकाचेच असते. उलटण्याची भीती खरी आहे ती एकाएकी, एका झटक्यात, हँडल वळलेले असताना पुढचा ब्रेक आवळणाऱ्यासाठी. २०१९ पासून एकशे पंचवीस सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना जोडब्रेकची सक्ती झाली आहे, म्हणजे सामान्यतः स्कूटरच्या डाव्या हाताचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडासा लागतो. त्याहून मोठ्या गाड्यांना चाक जाम न होऊ देणारी एबीएसची यंत्रणा असते. परंतु घरची जुनी स्कूटर २०१९ पूर्वीची असेल तर हा बंदोबस्त तिच्यात असेलच असे नाही, आणि आईने दहा वर्षे केवळ डाव्या हाताने चालविलेल्या त्या स्कूटरचा पुढचा ब्रेक गंजून बसलेला असण्याचा संभव फार. मुलांना मी सांगतो की, घरी गेल्यावर गाडी मुख्य स्टँडवर घ्या, पुढचे चाक जमिनीपासून उचलून हाताने फिरवा, उजवा ब्रेक दाबा. चाक तात्काळ थांबले नाही तर गाडी आधी मेकॅनिककडे, मग तुम्ही रस्त्यावर.

शिकाऊ परवाना हाती आल्यावरच्या काळाबद्दल लोकांचे समज फार सैल आहेत. परीक्षेतल्या पंधरा प्रश्नांपैकी नऊ बरोबर आले की परवाना मिळतो. म्हणजे सहा गोष्टी ठाऊक नसलेला मनुष्यही कायदेशीरपणे रस्त्यावर येऊ शकतो, आणि थांबण्यास किती जमीन लागते हा प्रश्न त्या सहांतच जातो अशी माझी धास्ती आहे. परवान्याची मुदत सहा महिने. पक्क्या परवान्याची चाचणी तीस दिवस उलटल्यावर देता येते. गाडीच्या पुढे व मागे पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल ‘एल’ असलेली पाटी, अठरा सेंटीमीटर चौरस, लावलीच पाहिजे. ती लावण्यास मुलांना लाज वाटते, कारण सिग्नलला मागचे लोक हॉर्न वाजवितात. परंतु तुम्ही एकदम थांबाल, हे मागच्या मनुष्याला आधी सांगणारी तीच एक वस्तू गाडीवर असते. आणि नियमातली जी गोष्ट पुण्यात बहुधा कोणी पाळीत नाही ती अशी की, शिकाऊ परवान्यावर दुचाकी चालविणाऱ्याने, शिकवणाऱ्या परवानाधारकाखेरीज, मागे कोणासही बसवू नये. या नियमामागेही भौतिकशास्त्रच आहे. साठ किलोचा मित्र मागे बसला की गाडीचा तोल, वळण्याचा कोन आणि ब्रेकचे अंतर, सारेच बदलते, आणि तीस दिवसांत तुमच्या हाताला जो अंदाज बसला तो तुम्ही एकटे असतानाचा असतो. कॉलेजच्या पहिल्या आठवड्यातच कोणाला तरी ‘सोडून येतो’ म्हणणारा मुलगा ज्या गाडीवर शिकला ती गाडी चालवीत नसतो.

हेल्मेटविषयी पुण्याने पुष्कळ वाद घातले, मोर्चे काढले, आणि त्यांत मानदुखीपासून अस्मितेपर्यंत सर्व कारणे ऐकली गेली. मी त्या वादात न शिरता हेल्मेटचा कापलेला अर्धा भाग मुलांच्या हाती देतो. बाहेर टणक कवच, आत थर्मोकोलसारखा दोन-तीन सेंटीमीटरचा थर. डोके रस्त्यावर आपटते तेव्हा तेही एक वाहनच असते आणि त्यालाही थांबण्यास अंतर लागते. उघड्या डोक्याला ते अंतर कातडीएवढे मिळते, हेल्मेटमधल्या डोक्याला तो दोन-तीन सेंटीमीटरचा थर दबत जाऊन मिळतो. एवढेच त्याचे कार्य, पण तेवढ्यावर कवटीचा निकाल लागतो. दीड मीटर उंचीवरून, म्हणजे उभ्या गाडीवरून नुसते कोसळले, तरी डोके ताशी एकोणीस-वीस किलोमीटर वेगाने जमिनीला लागते. तो थर एकदा दबला की परत फुगत नाही. म्हणून जोरात आपटलेले हेल्मेट, वरून ओरखडाही नसला तरी, निकामी समजावे. आयएसआय चिन्ह पाहून घ्यावे, आणि घेताना दुकानातच पट्टा हनुवटीखाली आवळून मागच्या कडेला हात घालून ते पुढे ढकलून पाहावे. डोक्यावरून निघून आले तर ते तुमच्या मापाचे नाही. पट्टा न लावता डोक्यावर ठेवलेले हेल्मेट पडताना तुमच्या आधी जमिनीवर पोहोचते.

घंटा होते तेव्हा माझे बोलणे संपलेले नसते, पण मुले उठतात, आणि तेच योग्य आहे. गेल्या जानेवारीत सगळी गेल्यावर एक विद्यार्थिनी फक्कीच्या रेघेपाशी घुटमळत राहिली. उजवा डोळा झाकल्यावर तिला पाटीवरचा क्रमांक वाचता आला नव्हता, आणि रांगेत पुढच्या मुलीने वाचलेला तिने ऐकून म्हटला होता; हे तिने मला स्वतः सांगितले. तिच्या वाढदिवसाला आठ दिवस होते आणि ऑनलाइन परीक्षेची तारीख त्याच्या दुसऱ्याच दिवसाची निश्चित झाली होती. तिने ती तारीख पुढे ढकलली. फेब्रुवारीत बोर्डाचे प्रवेशपत्र नेण्यास ती शाळेत आली तेव्हा चष्मा लावून आली होती. मैदानावर रेघ उरलेली नव्हती, म्हणून तिने कार्यालयातून टेप मागून घेतला, त्याचे एक टोक शिपाईमामांच्या हाती दिले, माझ्या सहकाऱ्याच्या मोटारीपासून पंचवीस मीटर स्वतः मोजले, डावा तळहात डाव्या डोळ्यावर ठेवला, मग उजवा उजव्यावर, आणि दोन्ही वेळा एमएच-१२ पासून शेवटच्या आकड्यापर्यंत पाटी न थांबता वाचली.